निळ्या ड्रेसनंतर: फोटोतल्या रंगाचा मागोवा

फेब्रुवारी 2015मध्ये एका ड्रेसच्या फोटोवरून जगभर वाद पेटला. कुणाला तो निळा-काळा दिसला, तर कुणाला पांढरा-सोनेरी. त्याच वर्षी सुमारे 1400 लोकांच्या पाहणीत 57 टक्क्यांनी निळा-काळा आणि 30 टक्क्यांनी पांढरा-सोनेरी असं सांगितलं. प्रत्यक्षात ड्रेस निळा-काळा होता, पण फाइलमधले ठिपके फिकट निळसर आणि तपकिरी होते. म्हणजे दोन्ही बाजू फोटोतल्या उजेडाचा अंदाज बांधत होत्या, फक्त त्यांचे अंदाज वेगळे होते. फोटो पाहून वर्णन करणारी एआय मॉडेल पुढच्या दशकात सर्वांच्या हाती आली, आणि तोच प्रश्न त्यांनाही लागू झाला. माझं म्हणणं असं की ‘मॉडेलने रंग बरोबर सांगितला का’ याआधी ‘कोणता रंग’ हे ठरवायला हवं: फाइलमधला की वस्तूचा?

समजा, पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत साडीशेजारी पांढरा कागद आहे. कागदाचे लाल, हिरवा, निळा हे आकडे 240, 210, 160 आहेत आणि साडीचे 192, 168, 128. नुसते आकडे पाहिले तर साडी बदामी ठरते. पण साडीचा प्रत्येक आकडा कागदाच्या आकड्याच्या बरोबर 0.8 पट आहे, म्हणजे पिवळेपणा उजेडाचा आणि साडी राखाडी. ‘बदामी’ म्हणणारं मॉडेल फाइलशी प्रामाणिक आहे, ‘राखाडी’ म्हणणारं साडीशी. कागद चौकटीबाहेर राहिला, तर ठरवायला आधारच उरत नाही. कमी दाबाच्या जुन्या सोडियम दिव्याखाली तर कागदही फारसा उपयोगाचा नाही. त्या उजेडात जवळजवळ एकच पिवळा असल्याने बाकीच्या रंगांची माहिती फोटोत उतरतच नाही.

यावर कुणी म्हणेल, यंत्राकडे आकडेच असतात, मग चूक कशी? पण मॉडेल सहसा एकेक ठिपका वाचत नाही. चित्र लहान करून, त्याचे चौकोनी तुकडे पाडून प्रत्येकाचा सारांश घेतला जातो. त्यात शिकलेल्या सवयीही मिसळतात. अकियोशी किताओका यांच्या 2017च्या चित्रातल्या स्ट्रॉबेरीत लाल ठिपके नाहीत, तरी माणसाला त्या लाल दिसतात. ‘स्ट्रॉबेरी लाल असते’ हे शिकलेलं मॉडेलही तिथे लाल म्हणू शकतं. म्हणून मॉडेलने दिलेला `#C0A880`सारखा कोड अंदाज समजावा आणि तो आयड्रॉपरने तपासावा.

दुसरा आक्षेप असा की मॉडेलचा रंग आपल्या स्क्रीनशी जुळत नाही. पण नाइट शिफ्ट फक्त स्क्रीन पिवळसर करते, फाइलला हात लावत नाही, आणि मॉडेल पाहतं ती फाइल. रंगाची प्रोफाइल मात्र फाइलमध्ये असते. डिस्प्ले पी3मधला फोटो पाठवताना ती गळली, तर तेच आकडे एसआरजीबी म्हणून वाचले जातात आणि रंग फिके ठरतात. तेव्हा मतभेद झाला की आधी नाइट शिफ्ट बंद करावी, मग प्रोफाइल पाहावी. एवढ्यावरही तफावत उरली, तरच दोष मॉडेलचा मानावा.