डबकूला गळती हवी आहे

समजा, नळकामाचे पीव्हीसी पाइप बनवणाऱ्या एका कंपनीला वीस-वीस सेकंदांच्या सहा ॲनिमेटेड जाहिराती करायच्या आहेत. पाइप ही काही डोळ्यांत भरणारी वस्तू नव्हे. भिंतीत गेला की दिसतही नाही. म्हणून एक मॅस्कॉट हवा. पहिल्या बैठकीत हटकून पुढे येते ती कल्पना म्हणजे हातात पाना घेतलेला, छाती पुढे काढलेला हसरा पाइप, जो प्रत्येक जाहिरातीत ‘मी मजबूत आहे’ असं सांगतो. असलं पात्र दुसऱ्याच जाहिरातीत संपतं, कारण त्याला काहीच हवं नसतं.

आता उलट करून पाहू. मॅस्कॉट बेडूक आहे, नाव डबकू. त्याला गळती हवी आहे. गळका पाइप म्हणजे ओल, ओल म्हणजे डबकं आणि डबकं म्हणजे घर. तो घराघरांत मोरीखाली, टाकीमागे, सिंकखाली आशेने डोकावतो आणि आपल्या कंपनीच्या पाइपाशी आला की त्याच्या वाट्याला कोरडी फरशी येते. पाइपाची तारीफ एका शब्दाने न करता ती झालेली असते. कॅरेक्टर शीटच्या माथ्यावर लिहायचं ते हेच एक वाक्य: डबकूला काय हवंय आणि ते त्याला का मिळत नाही. रंग, उंची, आवाज हे सगळं त्यानंतर.

हे कागद लागतात कशाला? सहा जाहिराती एक माणूस करत नाही. एक जण लिहितो, दुसरा स्टोरीबोर्ड काढतो, चार-पाच ॲनिमेटर हलवतात, आवाज तिसऱ्याच माणसाचा असतो आणि वर्षभराने यातले निम्मे बदललेले असतात. टोनी नावाच्या वाघाला थर्ल रेव्हन्सक्रॉफ्ट या गायकाने पन्नासहून अधिक वर्षं आवाज दिला. 2005 मध्ये ते वारले, तरी वाघाला बोलायचंच होतं. अशा वेळी ‘जरा भारदस्त आवाज’ एवढंच लिहिलेलं असेल, तर नव्या कलाकाराच्या हाती काहीच लागत नाही.

चित्राचा भाग बहुतेक स्टुडिओ चोख करतात. समोरून, तिरकस, बाजूने आणि पाठीमागून अशी चार उभी चित्रं; डोक्याच्या मापात उंची (डबकू अडीच डोकी उंच); शेजारी त्याच मापात बादली आणि नळ, म्हणजे एका जाहिरातीत तो मुठीएवढा आणि दुसऱ्यात मांजराएवढा दिसत नाही. रंग आपल्याकडच्या मोठ्या बेडकाचा, ज्याचा नर पावसाळ्यात पिवळाधमक होतो आणि गळ्याशी दोन निळे फुगे फुगवतो. हे निळे फुगे म्हणजे आयतं घबाड आहे, आणि लकबीची सुरुवात तिथून होते.

शीटमध्ये ‘डबकू आशावादी आहे’ असं लिहिलं तर ॲनिमेटर त्याचं काय करणार? त्याला करता येईल अशी गोष्ट हवी. म्हणून असं लिहायचं: ओल असल्याची शंका आली की तोंड मिटलेलंच राहतं, गळ्याचे फुगे बारा फ्रेममध्ये फुगतात, म्हणजे सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या हिशेबाने साधारण अर्धा सेकंद. मग तो उजव्या पायाचा अंगठा फरशीला लावून पाहतो. फरशी कोरडी निघाली की फुगे एकदम फुटत नाहीत, सावकाश बसतात. त्या वेळात पापणी एकदाच लवते. इतकंच. दोन लकबी पुरतात. सहा ठेवल्या तर वीस सेकंदांत एकही लक्षात राहत नाही.

आवाजाच्या पानावर सर्वांत जास्त चुका होतात. बेडूक म्हटला की कलाकार घोगरा, घशातला आवाज लावतो. तीन ओळींनंतर शब्द कळेनासे होतात आणि दिवसभराच्या रेकॉर्डिंगमध्ये त्याचा घसाही बसतो. डबकूचा आवाज मध्यम पट्टीत, थोडा नाकातून, घाई नसलेला. वय चाळिशीचं, भाड्याची खोली शोधून दमलेल्या पण सौजन्य न सोडलेल्या माणसाचं. घरातल्या मोठ्यांना तो ‘वहिनी’, ‘काका’ म्हणतो आणि ‘अहो’ने बोलतो, कारण तो त्यांच्या घरात आगंतुक आहे. आवाज आधी रेकॉर्ड होतो, चित्र त्यावर हलतं. त्यामुळे इथली चूक पुढे प्रत्येक फ्रेममध्ये उतरते.

वीस सेकंदांत घाई न करता चाळीस-पंचेचाळीस शब्द मावतात. शेवटचे तीन सेकंद कंपनीच्या नावाचे, मधे शांतता आणि पाण्याचे आवाज. डबकूच्या वाट्याला पंधराएक शब्द उरतात. त्यात त्याच्या दोन ठरलेल्या ओळी. डोकावताना ‘डबकं कुठंय?’ आणि हिरमुसल्यावर ‘कोरडंच की!’ खरी ओळ दुसरी. ती टिकेल का, हे पाहण्याची रीत सोपी आहे: पाइप बाजूला ठेवून ती बोलून पाहायची. चहाचा रिकामा कप, महिनाअखेरचं पाकीट, पाऊस न पडलेला जून, सगळीकडे ‘कोरडंच की!’ बसतं. जी ओळ लोकांना आपल्या कामाला वापरता येते, तीच तोंडी बसते. जिच्यात कंपनीचं नाव कोंबलेलं असतं ती कुणी उचलत नाही.

त्या ‘की’मध्ये सांगली-कोल्हापूरकडची ऊब आहे, आणि धोकाही. डबिंगच्या खोलीत कुणीतरी हमखास सुचवतो, ‘अजून गावरान करू या.’ मग बेडूक बावळट होतो आणि हसू त्याच्या फजितीवर न येता एका भागाच्या बोलीवर येतं. म्हणून शीटमध्ये स्पष्ट लिहावं: ‘की’ हलका, हेल नाही, बाकी वाक्य साधं.

मालिका हिंदी-गुजरातीतही जाणार असेल तर आणखी एक अडचण येते. प, ब, म उच्चारताना ओठ मिटतात आणि प्रेक्षकाला ओठांची चूक तिथेच दिसते. ‘डबकं’मधल्या ‘ब’ला मिटलेलं तोंड दुसऱ्या भाषेतल्या ओळीत नको तिथे मिटेल. डबकू मोरीखाली डोकं घालून, पाठमोरा असतानाच विचारतो, ‘डबकं कुठंय?’ ओठ दिसत नाहीत, प्रश्न मिटला. 2009 च्या आयपीएलमध्ये गाजलेल्या झूझूंनी हा पेच मुळातच टाळला होता. ते कुठलीच भाषा बोलत नव्हते, नुसतं चिवचिवत होते. ते ॲनिमेशनही नव्हतं. पांढऱ्या पोशाखांच्या आत माणसं होती.

शेवटचं पान ‘डबकू काय करणार नाही’ याचं, आणि माझ्या मते शीटची खरी परीक्षा तिथे होते. डबकू पाइपाचे गुण सांगणार नाही. स्वतः पाइप फोडणार नाही, कारण मग तो शोधणारा न राहता खलनायक होतो. ‘कोरडंच की!’ एका जाहिरातीत एकदाच. चौथ्या जाहिरातीपर्यंत क्लायंटला ही ओळ इतकी आवडलेली असते, की तो ती तीनदा मागतो आणि वर डबकूच्या तोंडी दाबसहनशक्तीचे आकडेही. तेव्हा वाद न घालता हे पान पुढे करायचं. आकडे निवेदकाला द्यायचे. सहाव्या जाहिरातीत त्याला एकदा डबकं मिळू द्यायला हरकत नाही, पण ते रस्त्यावरच्या खड्ड्यात, पावसाच्या पाण्याचं.