मदतीचं पत्र माणसाला लिहिताना

‘महोदय/महोदया, आमची संस्था गेली अनेक वर्षे वाचनसंस्कृतीच्या संवर्धनासाठी कार्यरत असून, आपल्यासारख्या दानशूर व्यक्तींच्या सहकार्यामुळेच हे कार्य अविरत सुरू आहे. तरी आपण यथाशक्ती मदत करावी, ही नम्र विनंती.’

समजा, तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाने पुण्या-मुंबईला गेलेल्या जुन्या सभासदांना हे पत्र पाठवायचं ठरवलं आहे. ‘वाचनसंस्कृती’ काढून ‘गोसेवा’ घातलं की हेच पत्र गोशाळेलाही चालेल. अशा मसुद्यात शब्द सोपे करून फारसं काही साधत नाही. ‘कार्यरत असून’च्या जागी ‘काम करते आणि’ आलं, तरी संस्था नेमकं काय करते हे गुलदस्त्यातच राहतं. छापील वाक्य बहुधा तिथेच येतं, जिथे लिहिणाऱ्याने माहिती गोळा केलेली नसते.

म्हणून आधी ग्रंथपालाला गाठावं आणि पैसे कशाला हवेत ते विचारावं. समजा, तो म्हणाला, ‘दिवाळी अंकांचे गठ्ठे सुटे होऊ लागलेत. १२० अंकांची बांधणी करायची आहे, एकाला १५० रुपये पडतात.’ पत्राचा गाभा एवढाच. ‘यथाशक्ती’पाशी वाचणारा अडखळतो, कारण किती दिलं तर शोभेल हे त्याला कळत नाही. १५० रुपयांत एक अंक वाचतो म्हटलं, की दहा अंकांचे पैसे द्यायचे की वीसचे, हे तो स्वतःच ठरवतो.

आता पुन्हा लिहू:

‘नमस्कार काका, तुम्ही वाचनालयाचे सभासद होतात तेव्हाचे दिवाळी अंक अजून आपल्याकडे आहेत, पण त्यांची पानं सुटू लागली आहेत. पावसाळ्याआधी १२० अंक बांधून घ्यायचे आहेत. एका अंकाला १५० रुपये खर्च येतो. तुम्ही दहा अंकांचा भार उचलाल का?’

हे ‘काका’ मात्र ओळखीच्या माणसालाच लिहावं. अनोळखी माणसाला ‘सर’ किंवा नुसतं ‘नमस्कार’ पुरे. उसनी जवळीक फार वाईट दिसते. ‘आपल्या कार्याने भारावून गेलो’ असं लिहून कोणतं कार्य ते सांगितलं नाही, तर ते पत्र छापील मसुद्यापेक्षाही खोटं वाटतं. (आणि ‘श्री./श्रीमती’पैकी एक खोडायचं तेवढं विसरू नये.)

दोनशे पत्रं अशी एकेक लिहून होणार नाहीत, हे खरं. मधला मजकूर सगळ्यांना सारखाच ठेवावा. पहिलं वाक्य सभासदांच्या जुन्या नोंदवहीवरून बदलावं. ज्याच्याबद्दल काहीच सापडत नाही, त्याला थेट अंकांपासून सुरुवात करावी. ओढूनताणून आठवण काढू नये. खात्याचा क्रमांक, पावती, देणगीवर करसवलत मिळत असेल तर तिचा उल्लेख, हे सगळं शेवटी, कोरड्या भाषेतच असू द्यावं. पैशांच्या तपशिलात लाघव आलं, की देणाऱ्याला शंका येते.