टाकी भरून वाहते? आधी बॉल उचलून बघा

नळाला पाणी सुटलं की गच्चीवरच्या टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपातून धार लागते आणि पाणी गेलं की थांबते. पहाटेची वेळ असल्यानं ती बहुतेकांना दिसतच नाही. भिंतीवर शेवाळ चढलं की मग लक्ष जातं. त्या धारेखाली एकदा बादली धरून वेळ मोजा. दहा लिटरची बादली चार मिनिटांत भरत असेल, तर तासाला दीडशे लिटर पाणी वाया चाललं आहे. टाकी भरल्यावरही दीड तास पाणी येत असेल, तर रोजचे सव्वादोनशे लिटर गेले.

हे थांबवण्याचं काम टाकीतल्या बॉल कॉकचं. पोकळ बॉल पाण्यावर तरंगतो, पाणी चढेल तसा दांडा उचलतो आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेला छोटा दट्ट्या पुढं सरकून पाण्याचं भोक बंद करतो. दट्ट्याच्या तोंडावर रबरी वायसर असतो. दोष बॉल-दांड्यात आहे की वायसरपाशी, एवढं आधी ठरवायचं. पाणी येत असताना टाकीचं झाकण काढा आणि बॉल हातानं हळूच वर उचलून धरा.

धार बंद झाली, तर व्हॉल्व्ह चांगला आहे, बॉल त्याला पुरेसं वर ढकलत नाही. बॉल अर्ध्याहून जास्त बुडालेला दिसला तर तो फिरवून काढा आणि कानाजवळ हलवून बघा. आत पाणी खळखळलं म्हणजे तो फुटला आहे. नुसता बॉल वेगळा मिळतो, अख्खा व्हॉल्व्ह बदलायची गरज नाही. बॉल हलका असेल, तर तो टाकीच्या भिंतीला किंवा दुसऱ्या पाइपाला अडतो का ते पाहा. तसंही नसेल, तर दांड्याचा कोन चुकला आहे. पितळी दांडा व्हॉल्व्हजवळ पकडीनं घट्ट धरून बॉलच्या बाजूनं थोडा खाली वाकवा. न धरता वाकवलं तर सगळा जोर खिळीवर येतो. काही नव्या व्हॉल्व्हना वाकवण्याऐवजी स्क्रू असतो. पाणी ओव्हरफ्लो पाइपाच्या तोंडाखाली इंचभर थांबलं पाहिजे.

बॉल उचलूनही धार चालूच राहिली, तर दोष वायसरपाशी आहे. टाकीकडं येणाऱ्या पाइपावरचा व्हॉल्व्ह बंद करा, खिळी सरळ करून ओढा, दांडा काढा, दट्ट्या बाहेर येईल. वायसरवर गोल खाच पडलेली असते, नाहीतर वाळूचा कण रुतलेला असतो. बोअरच्या पाण्यावर असाल, तर पांढरा क्षार दट्ट्याला अडवून धरतो. तो काही वेळ लिंबाच्या रसात भिजवून जुन्या टूथब्रशनं घासला की निघतो. तेवढ्याच मापाचा नवा वायसर बसवा. मात्र ज्या पितळी कडेवर वायसर टेकतो ती झिजून खडबडीत झाली असेल, तर नवा वायसरही लवकर कापला जातो. मग पूर्ण व्हॉल्व्हच बदला.

नवा घेताना दुकानात पाइपाचं माप सगळेच सांगतात, पाण्याचा दाब मात्र कोणी सांगत नाही. जोराच्या पाण्यासाठीच्या व्हॉल्व्हचं आतलं भोक लहान असतं. भोकाचा व्यास दुप्पट झाला की त्यावर पाण्याचा जोर चौपट पडतो आणि तोच बॉल तो पेलू शकत नाही. तुमच्याकडं पाण्याला जोर असेल तर हाय प्रेशरचा मागा. पाणी कमी जोरानं येत असेल तर लो प्रेशरचा घ्या, नाहीतर टाकी भरायलाच फार वेळ लागेल.

जुना काढताना एका पान्यानं आतली बाजू धरून ठेवा आणि दुसऱ्यानं बाहेरचा नट सोडवा. एकाच पान्यानं जोर लावला, तर प्लॅस्टिकच्या टाकीची भिंत पिळली जाऊन चीर पडते. नवा बसवताना भिंतीच्या दोन्ही बाजूंना रबरी वायसर हवाच. टेफ्लॉन टेप पाइप जोडायच्या आट्यांवर, नट ज्या दिशेनं फिरतो त्याच दिशेनं गुंडाळा. मग पाणी सोडून टाकी पूर्ण भरेपर्यंत थांबा आणि बॉल कुठं थांबतो ते डोळ्यांनी बघा.

टाकी पंपानं भरत असाल, तर बॉल कॉकवर विसंबू नका. तो पाणी अडवेल, पण पंप बंद करणार नाही. बंद पाइपावर चालत राहिलेला पंप तापतो आणि त्याचं सील जातं. पाणी वर आलं की पंपाची वीज तोडणारा फ्लोट स्विच इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या.