पिझ्झ्यावर पाणी का सुटते?

घरी पहिल्यांदा पिझ्झा करताना अनेक जण हौसेने पाण्यातला पांढराशुभ्र मोझरेला आणतात. नेपल्सचा पिझ्झा त्याच चीजचा असतो, असे कुठेतरी वाचलेले असते. गोळ्याच्या चकत्या करून सॉसवर मांडल्या जातात, ओटीजी २५० अंशांवर तापवला जातो, आणि दहा मिनिटांनी बाहेर येतो तो मध्यभागी तळे साचलेला पिझ्झा. कडा भाजलेल्या, मधला बेस गचगचीत, चीज पांढरेच्या पांढरे. दोष सहसा सॉसला किंवा पिठाला दिला जातो. खरे कारण चीजमध्ये असते, आणि त्याहून जास्त चीज आणि ओव्हन यांच्या जोडीत.

बाजारात मोझरेला या एकाच नावाने दोन वेगळे पदार्थ मिळतात. एक ताजा: मऊ, ओलसर, पाण्यात किंवा मिठाच्या पाण्यात ठेवलेला, दोन-चार दिवसांत संपवायचा. दुसरा कमी ओलाव्याचा: घट्ट, पिवळसर झाक असलेला, हवाबंद पाकिटात विटेच्या आकारात किंवा किसून मिळणारा, फ्रिजमध्ये आठवडेच्या आठवडे टिकणारा. भारतात ‘पिझ्झा चीज’ म्हणून विकले जाते ते बहुतेक दुसऱ्या प्रकारचे. म्हशीच्या दुधाचे असेल, तर हे चीजही पांढरे दिसते. त्यामुळे रंगापेक्षा हाताला लागणारा घट्टपणा ही जास्त भरवशाची खूण.

अमेरिकेतल्या नियमानुसार कमी ओलाव्याच्या मोझरेलात ४५ ते ५२ टक्के पाणी असावे लागते, तर साध्या मोझरेलात ५२ ते ६० टक्के. म्हणजे एका पिझ्झ्यावर शंभर ग्रॅम चीज घातले, तर एकात साधारण ४८ ग्रॅम पाणी, दुसऱ्यात ६० ग्रॅम. फरक बारा ग्रॅमचा. एक मोठा चमचाही भरत नाही! एवढ्याशा पाण्याने तळे कसे साचेल?

महत्त्व पाण्याच्या मापापेक्षा ते चीजमध्ये कुठे बसले आहे याला आहे. मोझरेला करताना दह्यासारखा विरजलेला चोथा गरम पाण्यात मळून ओढतात. त्यातून दुधातल्या केसीन या प्रथिनाचे धागे एकाच दिशेला लांब होतात, आणि धाग्यांच्या मधल्या बारीक वाटांत पाणी मोकळे साठून राहते. ताज्या चीजमध्ये ते तसेच असते. गोळा कापला की सुरीच्या पात्यावर दिसते ते हेच पाणी. कमी ओलाव्याचे चीज मात्र थंड जागी दोन-तीन आठवडे मुरवलेले असते. त्या काळात प्रथिनाचे धागे हळूहळू फुगतात आणि आजूबाजूचे मोकळे पाणी शोषून घेतात. पाणी चीजमध्येच राहते, पण धरून ठेवलेले. ओव्हनच्या उष्णतेने प्रथिने आक्रसली की मोकळे पाणी पिळून बाहेर पडते. शोषलेले पाणी बरेचसे जागेवर टिकते.

मग नेपल्समध्ये ताजे चीज चालते कसे? तिथल्या लाकडाच्या भट्टीत तापमान साडेचारशे अंशांच्या आसपास असते आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत तयार होतो. चीज वितळते, पण पाणी सोडायला त्याला फारसा वेळच मिळत नाही. शिवाय तिथले कारागीर चीजच्या पट्ट्या आधीच कापून निथळायला ठेवतात. तरीही त्या पिझ्झ्याचा मध्य ओलसर असतो आणि लोक तो काट्या-चमच्याने खातात. घरच्या ओटीजीत २५० अंशांवर तोच पिझ्झा आठ ते दहा मिनिटे राहतो. तेवढ्यात चीज जवळजवळ सगळे मोकळे पाणी सोडून देते.

रंगाचे गणितही पाण्याशीच बांधलेले आहे. चीजचा पृष्ठभाग ओला असेतोवर त्याचे तापमान शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही, आणि साखर व प्रथिने यांच्या संयोगातून येणारा तपकिरी रंग वेगाने धरायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. ताजे चीज पांढरे राहते ते यामुळे. कमी ओलाव्याच्या चीजमध्ये वाफेचे बुडबुडे तयार होतात, लवचीक चीज त्यांच्यावर पापुद्र्यासारखे फुगते, फुगलेल्या भागावरून तेल ओघळते, आणि उघडा पडलेला तो माथा सुकून त्यावर पोळीसारखे डाग पडतात. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये वेगवेगळी चीज पिझ्झ्यावर भाजून पाहिली. चेडरसारख्या चीजमध्ये पुरेशी लवचीकता नसल्याने फुगवटेच येत नाहीत, आणि ग्रुयेरसारखे चीज इतके तेल सोडते की त्याच्या थराखाली पृष्ठभाग सुकत नाही, असे त्यांना आढळले. मोझरेलाचे खरपूस ठिपके लवचीकता, तेल आणि पाणी या तिन्हींचा मेळ बसल्यावरच उमटतात.

राहिली तार. ती केसीनच्या धाग्यांतूनच येते, आणि ते धागे कॅल्शियमने एकमेकांना बांधलेले असतात. बांधणी फार घट्ट असेल, तर चीज वातड होते. फार सैल झाली, तर सूप होते. कमी ओलाव्याच्या चीजला लांब, चिवट तार सुटते. ताज्याची तार आखूड आणि मऊ, दुधाची चव मात्र जास्त. जुन्या पाकिटातले चीज तेल सोडून पातळ वाहते, कारण महिनोन्‌महिने त्याचे प्रथिन तुटत गेलेले असते. तार पाहायची तर पिझ्झा बाहेर काढून एक-दोन मिनिटांत कापावा. थंड झाल्यावर कुठल्याच मोझरेलाला तार सुटत नाही.

ताजेच चीज वापरायचे असेल, तर श्रीखंडासाठी चक्का टांगतात तीच युक्ती करावी. गोळ्याचे बोटाएवढे तुकडे करून चाळणीत पसरावेत, खाली वाडगा ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये निथळू द्यावेत. घाई असेल तेव्हा स्वच्छ पंचात गुंडाळून वर पोळपाट ठेवला तर अर्ध्या तासातही बरेच पाणी निघते. मीठ आधी शिंपडू नये, ते आणखी पाणी ओढते. तुकडे हाताला कोरडे लागले आणि वाडग्यात पांढरट पाणी जमले की चीज तयार.

घरच्या ओटीजीसाठी सर्वांत चांगला निकाल दोन्ही चीज एकत्र वापरल्यावर येतो. पंचवीस सेंटिमीटरच्या पिझ्झ्याला कमी ओलाव्याचे साधारण साठ-सत्तर ग्रॅम चीज पुरते. ते अखंड तुकड्यातून घरीच किसावे, कारण तयार किसलेल्या चीजला चिकटू नये म्हणून लावलेली पिठूळ पूड वितळताना आड येते. सॉस पातळ थरात पसरून हे चीज सुरुवातीलाच घालावे. ते बुडबुडे धरू लागले की शेवटच्या तीन मिनिटांसाठी निथळलेल्या ताज्या चीजचे तीस-चाळीस ग्रॅम तुकडे वर मांडावेत. त्यातून खालच्या थराचे ठिपके आणि तार मिळते, वर दुधाळ चव मिळते, आणि बेस कोरडा राहतो.