ताकात की बेरीत?

एक किलो साय आहे आणि तिच्यात निम्मी स्निग्धता आहे, असे धरू. म्हशीच्या दुधाच्या घट्ट सायीत ती इतकी असू शकते. म्हणजे पाचशे ग्रॅम तूप समोरच आहे, पण तेवढे बरणीत पडत नाही. कमी पडलेले जाते कुठे, हे साय विरजली की तशीच कढवली यावर ठरते.

विरजलेल्या वाटेत साय रात्रभर आंबते, सकाळी घुसळून लोणी निघते, दोन पाण्यांनी धुतले जाते आणि मग कढईत येते. आंबटपणामुळे स्निग्ध कणांवरचे पातळ आवरण सैल होते, म्हणून लोणी लवकर गोळा होते. तरी थोडी स्निग्धता ताकात राहतेच. उन्हाळ्यात गार पाणी किंवा बर्फ न घालता घुसळले, तर लोणी मऊ पडून ताकात विरते आणि घट वाढते. वीस ग्रॅम ताकात गेले असे समजा. सहाशे ग्रॅमच्या आसपास लोणी हाती येते. त्यात पाणी जेमतेम शंभर ग्रॅम आणि दुधातले घन पदार्थ फारच थोडे, त्यामुळे बेरी मूठभरच. तूप साधारण चारशे सत्तर ग्रॅम.

ताजी साय थेट कढईत टाकली तर ताकाचा प्रश्नच नाही. पण अर्धा किलो पाणी आटवावे लागते आणि दुधातली प्रथिने व साखर सगळी तळाशी जमते. ही बेरी तूप धरून ठेवते. न पिळलेल्या बेरीत निम्म्यापर्यंत तूप असू शकते. पंचेचाळीस ग्रॅम कोरड्या घनांमागे तेवढेच तूप अडकले, तर हाती साडेचारशेच्या पुढेमागे येते. ताक नीट निघाले असेल, तर विरजलेलीच वाट थोडी पुढे राहते.

चवीत मात्र अंतर मोठे आहे. विरजणातले जिवाणू आम्ल बनवतात आणि दुधातल्या सायट्रेटपासून डायअसिटिल हे लोण्याच्या वासाचे द्रव्यही. त्यातले बरेचसे वाफेबरोबर उडते, पण मागे राहिलेले आम्ल आणि इतर द्रव्ये तुपाला खमंग, किंचित आंबूस गंध देतात. वरणभातावर हाच वास हवा. थेट सायीच्या तुपात साखर जास्त भाजली जाते, म्हणून तो वास आटवलेल्या दुधाकडे, गोडसर झुकतो. लाडवांना तो चालतो, पुरणपोळीवर मात्र तो फिका वाटतो.

थेट वाटेत तळ सतत खरवडावा लागतो. बेरी बदामी झाली, आवाज थांबला आणि बारीक फेस आला की गॅस बंद करायचा. बेरी काळपट झाली तर कडवटपणा तुपात उतरतो. आणि दहा दिवस विरजणाशिवाय फ्रिजमध्ये साठवलेली साय खवट झाली असेल, तर तो वास कढवूनही जात नाही.

अडकलेले तूप परत मिळवता येते. बेरीवर कडकडीत पाणी ओतून ढवळायचे आणि भांडे तसेच ठेवायचे. तूप वर तरंगते, गार झाल्यावर थर उचलून घ्यायचा आणि पाणी उडेपर्यंत पुन्हा कढवायचा.