डिझायनरचा नुसता बायोडाटा किती सांगतो?

समजा, आपल्या केंद्रातल्या शाळांसाठी 64 पानांची मराठी कार्यपुस्तिका छापायची आहे. मांडणीसाठी डिझायनर हवा. छत्रपती संभाजीनगरातून एक बायोडाटा येतो, पण कामाचे नमुने, म्हणजे पोर्टफोलिओ, सोबत नाही. लगेच नाही म्हणू नका. प्रश्नपत्रिकांचं काम करणाऱ्याला ते गोपनीय असल्यामुळे दाखवता येत नाही. मग कागदावरून काय कळेल?

काय कळतं?

कामाचा प्रकार कळतो. "कोरलड्रॉ, फोटोशॉप येतं" एवढ्या ओळीवरून फारसं काही समजत नाही. लग्नपत्रिका करणाराही तेच लिहितो. पण "80 पानी स्मरणिकेची मांडणी, प्रुफं तपासून प्रेसला फाइल दिली" असं लिहिलं असेल, तर या माणसाने अनेक पानांचं काम शेवटपर्यंत नेलंय असं दिसतं. शासकीय कला महाविद्यालयातली उपयोजित कलेची पदवी असेल, तर अक्षरं आणि मांडणीचं शिक्षण झालंय एवढं धरता येतं.

बायोडाटा मराठीत असेल तर आणखी एक गोष्ट तपासता येते. पीडीएफमधला मजकूर कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर पेस्ट करा. देवनागरी अक्षरं आली, मग वेलांट्या थोड्या इकडेतिकडे झाल्या तरी, तो युनिकोडमध्ये आहे. इंग्रजी अक्षरांची खिचडी आली, तर बहुधा जुना फॉन्ट आहे. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असतात. अशी फाइल दुसऱ्या संगणकावर बिघडू शकते, आणि पुढच्या वर्षी दुरुस्ती करणं अवघड जातं.

काय कळत नाही?

नजर कळत नाही. दुसरीच्या मुलाला अक्षर किती मोठं हवं, उत्तरासाठी किती जागा सोडायची, चित्र प्रश्नाजवळ हवं की पानाच्या टोकाला, हे निर्णय बायोडाटात येत नाहीत. "स्मरणिका केली" यात त्याचा स्वतःचा वाटा किती, तेही कळत नाही. शिवाय देखणा बायोडाटा तयार साच्यातला किंवा डीटीपीवाल्याकडून करून घेतलेला असू शकतो. म्हणून "हा तुम्हीच मांडला का?" हे सरळ विचारा.

मग काय करायचं?

बायोडाटावरून दोन-तीन जण निवडा आणि प्रत्येकाला एकच पान करायला द्या: चार प्रश्न, एक चित्र, एक तक्ता. त्या वेळेचे पैसेही द्या. पान आल्यावर तीन गोष्टी पाहा. "दुसऱ्या", "तऱ्हा" यांतला अर्धा र नीट आलाय का? उत्तराच्या जागेत मुलाची पेन्सिल मावते का? आणि एक प्रश्न वाढवायला सांगितल्यावर पान सावरतं की कोलमडतं?

म्हणजे कुणाला बोलवायचं हे बायोडाटावरून ठरवा, आणि काम कुणाला द्यायचं ते या एका पानावरून.