सात सेंटीमीटरांत मावेल तेवढंच

एका स्लाइडवर किती शब्द असावेत, याचे ठरलेले नियम पुष्कळ आहेत. सहा ओळी आणि ओळीत सहा शब्द हा सगळ्यांत जास्त सांगितला जाणारा. सिलिकॉन व्हॅलीतले गुंतवणूकदार गाय कावासाकी यांनी २००५ मध्ये दुसरा एक नियम मांडला : दहा स्लाइड, वीस मिनिटं आणि तीस पॉइंटांपेक्षा लहान अक्षर नाही. हे सगळे नियम भिंतीवर पडदा आणि समोर खुर्च्या असलेल्या खोलीसाठी केलेले होते. आज गावातली कृषी कार्यशाळा असो, शाळेची पालकसभा असो की सोसायटीची ऑनलाइन बैठक, स्लाइड बघणाऱ्यांतले बरेचसे हातात उभा धरलेल्या फोनवर बघतात. तिथे शब्दांची मर्यादा आवडीनिवडीवर ठरत नाही. ती साध्या भागाकारातून निघते.

पॉवरपॉइंटमधली नेहमीची आडवी स्लाइड ३३.८७ सेंटीमीटर रुंद आणि १९.०५ सेंटीमीटर उंच असते. अक्षराचा आकार पॉइंटांत मोजतात, आणि ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. आपण ‘वीस’ हा आकडा निवडतो, तो या जवळजवळ ३४ सेंटीमीटर रुंदीच्या पानावरचा वीस असतो. फोन उभा धरला की त्याच्या स्क्रीनची रुंदी साडेसहा ते साडेसात सेंटीमीटर भरते. सात धरू. म्हणजे अख्खी स्लाइड आक्रसून सुमारे एक पंचमांश होते, आणि तिच्यावरचं प्रत्येक अक्षरही. वीसचं अक्षर चार पॉइंटांचं होतं. अठराचं तर साडेतीनच्या आसपास, औषधाच्या पाकिटातल्या घडीच्या कागदावरच्या छपाईपेक्षाही बारीक.

मग पुरेसं किती? फोननेच त्याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. अँड्रॉइड असो वा आयफोन, सेटिंग न बदलता मेसेजचं किंवा मजकुराचं जे अक्षर दिसतं ते सात-साडेसात पॉइंटांच्या आसपास असतं. दिवसभर लोक तेवढंच अक्षर विनातक्रार वाचतात. सातला पाचाने गुणा : पस्तीस. आडवी स्लाइड उभ्या फोनवर वाचली जावी असं वाटत असेल, तर मुख्य मजकूर ३६ पॉइंटांच्या खाली नेऊ नये. कावासाकींचा तीसचा नियम इथे थोडक्यात कमी पडतो, कारण तीसचे सहा होतात. चाळिशी लागलेला माणूस फोन हातभर लांब धरतो, त्याला सहा पॉइंट म्हणजे मुंग्यांची रांगच. स्क्रीन कितीही महागडी आणि स्वच्छ असली तरी यात फरक पडत नाही. बारीक अक्षर तिच्यावर रेखीव दिसतं, पण बारीकच राहतं.

फोन आडवा केला की गणित सुधारतं. स्लाइड साडेबारा सेंटीमीटरांपर्यंत रुंद होते, भागाकार पाचऐवजी पावणेतीनने करायचा, आणि वीसचं अक्षरही सात पॉइंटांवर येतं. पण श्रोते फोन फिरवतील या भरवशावर स्लाइड करू नका. अनेकांच्या फोनवर स्क्रीन फिरणं बंद करून ठेवलेलं असतं, आणि ज्याच्या एका हातात चहा किंवा एसटीचा दांडा आहे तो फोन फिरवत बसत नाही.

अक्षर ३६ ठरलं की शब्दांची मर्यादा आपोआप ठरते. दोन्ही बाजूंना समास सोडून ओळीत मराठीचे सात-आठ शब्द बसतात. मथळा आणि वरखालची मोकळी जागा वगळली तर ओळी सहा-सात. म्हणजे काठोकाठ भरली तर स्लाइड पन्नास शब्दांवर फुटायला येते. चित्र हवं असेल आणि डोळ्याला थांबायला जागा हवी असेल, तर याच्या निम्म्यावर थांबावं लागतं : वीस ते पंचवीस शब्द. हा आकडा कुठल्या पाठ्यपुस्तकातला नाही, अक्षराच्या आकारातून निघालेला आहे. लोक नेमकं उलट करतात. आधी मजकूर ओततात, मग तो मावेपर्यंत अक्षर लहान करत जातात. पॉवरपॉइंट तर हे काम न विचारता करून टाकतं. चौकटीत मजकूर जास्त झाला की ते गुपचूप अक्षर कमी करतं आणि ३२ ठेवलेलं कधी २० झालं ते कळतही नाही. मजकुराच्या चौकटीच्या सेटिंगमध्ये `Do not Autofit` निवडलं, की मजकूर चौकटीबाहेर सांडतो. तो सांडलेला दिसणंच बरं.

सोयाबीनच्या हंगामापूर्वी घरच्या बियाण्याची उगवण चाचणी करा, असं दरवर्षी सांगितलं जातं. त्यावरची नमुन्याची एक स्लाइड घेऊ. मजकूर असा : ‘घरचे सोयाबीन बियाणे पेरण्यापूर्वी प्रत्येक शेतकऱ्याने उगवण चाचणी करणे आवश्यक असून त्यासाठी साठवलेल्या पोत्यांतून सरमिसळ करून १०० दाणे घ्यावेत, ते ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडावेत, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावे, अधूनमधून पाणी शिंपडावे व सहा-सात दिवसांनी चांगले मोड आलेले दाणे मोजावेत, ही संख्या ७० किंवा त्याहून अधिक असल्यास बियाणे पेरणीस योग्य समजावे, कमी असल्यास बियाण्याचे प्रमाण वाढवावे.’

शब्द ५६, माहिती बरोबर. वीस पॉइंटांत ही स्लाइड लॅपटॉपवर नीटस दिसते, मथळ्याखाली निम्मी जागा मोकळी राहते आणि करणारा खूश होतो. फोनवर ती चार पॉइंटांची करडी पट्टी होते. अक्षर ३६ केलं तर मजकूर तळाला टेकतो आणि फोटोला जागाच उरत नाही. म्हणून तीन स्लाइड करायच्या.

पहिलीवर मथळा ‘१०० दाणे मोजा’, खाली ‘प्रत्येक पोत्यातून थोडे थोडे घ्या. चांगले-वाईट निवडू नका.’ दुसरीवर ‘ओल्या गोणपाटात गुंडाळा’, खाली ‘दहा-दहाच्या ओळी. सावलीत ठेवा. ओल टिकवा.’ आणि शेजारी मांडलेल्या दाण्यांचा फोटो. तिसरीवर ‘सहा-सात दिवसांनी मोजा’, खाली दोन ओळी : ‘७० किंवा जास्त उगवले : पेरा. ७० पेक्षा कमी : बियाणे वाढवा.’

तिन्ही मिळून ३३ शब्द, एकाही स्लाइडवर पंधरापेक्षा जास्त नाहीत, त्यामुळे अक्षर ३६ काय, ४४ पर्यंतही नेता येतं. गेलं काय? ‘प्रत्येक शेतकऱ्याने’, ‘आवश्यक असून’, ‘योग्य समजावे’ ही सरकारी भरती. उलट ‘निवडू नका’ ही सूचना नव्याने आली, कारण टपोरे दाणे वेचून घेतले की चाचणी खोटी ठरते आणि ‘सरमिसळ’ या एका शब्दात ते दडून गेलं होतं. बियाणं किती वाढवायचं, उगवण फारच कमी असेल तर काय, हे बोलणाऱ्याने तोंडी सांगायचं. स्लाइडवर ते आणलं की पुन्हा ५६ शब्द.

देवनागरीची एक अडचण इंग्रजी नियम सांगणाऱ्यांना ठाऊक नसते. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार लागतो. या सगळ्यांना जागा ठेवायची म्हणून त्याच पॉइंटात मूळ अक्षराच्या वाट्याला कमी उंची येते. ओळी जवळ असल्या तर वरच्या ओळीचे उकार खालच्या रफारांत अडकतात, म्हणून ओळींमधलं अंतर एकपट न ठेवता १.३ ते १.४ पट लागतं. अक्षर ठळक केलं की ते वाचनीय होतं हाही गैरसमज आहे. लहान आकारात ठळक केलेल्या ध, भ, थ यांच्या गाठी बुजतात आणि जोडाक्षरांचा गोळा होतो. मध्यम जाडीचा फॉन्ट बरा.

सगळ्यांत धोक्याचे असतात ते आकडे. बारीक अक्षरात १ आणि ९ चटकन ओळखू येत नाहीत. फवारणीच्या मात्रेत ‘१.५ मिली’ लिहिलं आणि फोनवर दशांशाचं टिंब विरलं, तर वाचणारा १५ वाचतो. तिथे सरळ ‘दीड मिली’ लिहावं. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच या शब्दांना टिंब नसतं.

पान आडवंच का ठेवायचं, असा प्रश्न पडेल. पॉवरपॉइंटच्या `Slide Size` मध्ये पान उभं करता येतं, १९.०५ सेंटीमीटर रुंद आणि ३३.८७ उंच. तेव्हा उभ्या फोनवरही भागाकार पावणेतीनचाच राहतो, २४ चं अक्षर जवळजवळ नऊ पॉइंटांचं दिसतं, आणि उगवण चाचणीचे ३३ शब्द फोटोसह एकाच पानात ऐसपैस मावतात. व्हॉट्सअॅपवर पाठवायच्या फाइलसाठी मी हाच पर्याय निवडेन. ऑनलाइन बैठकीत मात्र तो अंगाशी येतो. लॅपटॉपचा पूर्ण पडदा शेअर केला की उभं पान दोन काळ्या पट्ट्यांच्या मधे बसतं आणि ती आडवी चौकट फोनवर पुन्हा आक्रसते, म्हणजे अक्षर आधीपेक्षाही लहान. थेट बोलायचं असेल तर आडवं पान आणि ३६ चं अक्षर, नुसती पाठवायची असेल तर उभं पान, हे आधीच ठरवावं.

तक्त्यांपुढे मात्र यातलं काही फारसं चालत नाही. पाच वाणांची पाच रकान्यांत तुलना करायची असेल, तर तक्ता तोडला की तुलनाच मोडते, आणि न तोडता तो फोनवर वाचता येत नाही. दोन रकाने ठेवून बाकीचे सोडून द्यावेत. ते जमत नसेल तर तक्ता वेगळ्या फाइलने पाठवावा, बघणारा बोटांनी मोठा करून पाहील.

तपासायची पद्धत सोपी आहे. स्लाइडचं चित्र करून स्वतःच्याच फोनवर पाठवा, फोन उभा धरा, मोठं न करता वाचा, आणि चित्राखाली आलेल्या मेसेजच्या अक्षराशी स्लाइडचं अक्षर ताडून पाहा. स्लाइडचं लहान दिसलं तर शब्द कमी करा. मूळ पॉवरपॉइंट फाइल पाठवणं टाळा. समोरच्या फोनवर तुमचा फॉन्ट नसेल तर दुसरा येतो आणि ओळी वेगळ्या जागी तुटतात. कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर असेल तर देवनागरीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. पीडीएफ पाठवली की अक्षर जसंच्या तसं पोचतं.

आणि शब्द कमी होतच नसतील, सगळे ५६ लागतच असतील, तर स्लाइड करूच नका. तो मजकूर साधा मेसेज म्हणून टाइप करून पाठवा. फोनच्या सेटिंगमध्ये ज्याने अक्षर मोठं करून ठेवलं आहे त्याला मेसेज मोठ्या अक्षरात दिसतो आणि ओळी स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे आपोआप बसतात. स्लाइडच्या चित्रावर त्या सेटिंगचा काहीच परिणाम होत नाही.